बेरीज नक्की कशाची?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एका दात्याचं उदाहरण आहे. पहिल्या दिवशी तो याचकाला दोन कवड्या देतो आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचा शब्द देतो. महिनाभरात, म्हणजे तीस दिवसांत, त्याला एकूण किती निष्क द्यावे लागतील, असा प्रश्न आहे. 'लीलावती' ११५० सालची. आज अकरावीच्या पुस्तकात भूमिती श्रेढीच्या प्रकरणाखाली जी शाब्दिक उदाहरणं येतात, दर तासाला दुप्पट होणारे जीवाणू, दर टप्प्याला ठरावीक अंशाने कमी उसळणारा चेंडू, त्यांचं हे थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही. श्रेढी हा शब्दही तेव्हापासूनचाच.

या दात्याचं गणित सोडवायला एकोणतीस वेळा दोनाने गुणत बसायचं नाही, अशी भास्कराचार्यांची सूचना आहे. तीस ही समसंख्या, म्हणून ती निम्मी करायची आणि शेजारी 'वर्ग' अशी खूण करायची. आले १५. ही विषम, म्हणून एक वजा करायचा आणि 'गुण' अशी खूण करायची. आले १४. निम्मे केले की ७, खूण 'वर्ग'. एक वजा, ६, खूण 'गुण'. मग ३, 'वर्ग'. मग २, 'गुण'. मग १, 'वर्ग'. शेवटी शून्य, 'गुण'. आता या खुणा शेवटून वर वाचत यायच्या. 'गुण' दिसला की दोनाने गुणायचं, 'वर्ग' दिसला की हातात असलेल्या संख्येचा वर्ग करायचा. एकापासून सुरुवात केली की २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ असं चढत आठव्या पावलाला १,०७,३७,४१,८२४ ही संख्या येते. हा दोनाचा तिसावा घात. त्यातून एक वजा करायचा, गुणोत्तरातून एक वजा करून आलेल्या संख्येने भागायचं (इथे ती एकच आहे) आणि पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणायचं. एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे निष्काला २०,४८० कवड्या. भागाकार केला की १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या असं उत्तर येतं. सहा कवड्यांपर्यंत चोख हिशेब! वर्ग आणि गुण यांची ही युक्ती आजही जिवंत आहे. प्रचंड मोठे घात काढायची वेळ आली की संगणकसुद्धा याच वाटेने जातो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तेव्हा ही उदाहरणं महाराष्ट्रातल्या मुलांनी आठशे वर्षांपूर्वीही पाठीवर हात ठेवून सोडवली असणार, आणि आजच्या मुलांसारखीच चुकवलीही असणार.

चूक कुठे होते, ते पाहण्यासारखं आहे. सूत्र न आठवल्याने होणारी चूक क्षुल्लक. पुस्तक उघडलं की ती सुटते. खरी चूक सूत्राच्या आधीच झालेली असते. गोष्ट वाचून दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला, मोजणी कुठून सुरू होते? दुसरा, शेवटचं पद हवं आहे की सगळ्या पदांची बेरीज? दात्याच्या गोष्टीत दोन्हींची उत्तरं सरळ आहेत. पहिल्या दिवशीच पहिलं दान झालं आहे आणि काल दिलेल्या कवड्या आज परत येत नाहीत, त्यामुळे बेरीज करायलाच हवी. गंमत म्हणजे तिसाव्या एका दिवसाचं दान १,०७,३७,४१,८२४ कवड्या, आणि आधीच्या एकोणतीस दिवसांचं मिळून त्याहून फक्त दोन कवड्या कमी. दुपटीच्या हिशेबात शेवटचा दिवस हा आधीच्या सगळ्या इतिहासाएवढा असतो.

आता जीवाणू घेऊ. एश्चेरिशिया कोलाय हा प्रयोगशाळेतला सगळ्यांत लाडका जीवाणू. चांगलं पोषक द्रव आणि अंगाएवढी ऊब मिळाली की तो साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एका जीवाणूपासून सुरुवात केली तर दहा तासांत किती होतील? दहा तासांत वीस-वीस मिनिटांचे तीस टप्पे बसतात. म्हणजे दोनाचा तिसावा घात, तेच १,०७,३७,४१,८२४. इथे दात्याच्या गोष्टीची सवय लागलेला विद्यार्थी बेरीज करायला धावतो आणि फसतो. कालच्या कवड्या वेगळ्या आणि आजच्या वेगळ्या; पण वीस मिनिटांपूर्वीचे जीवाणू आणि आत्ताचे जीवाणू वेगळे नाहीत. एक जीवाणू दुभंगला की त्याचेच दोन झाले, मूळचा मागे उरला नाही. सगळ्या टप्प्यांची बेरीज केली तर एकाच वंशाची शिरगणती पुन्हा पुन्हा केल्यासारखं होईल. इथे पद हवं, बेरीज नको.

मोजणी कुठून सुरू करायची, हा निर्णय तर याहून फसवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात एक उदाहरण आहे. जीवाणूंची संख्या दर तासाला दुप्पट होते, सुरुवातीला ३० होते, तर दुसऱ्या तासाच्या शेवटी, चौथ्या तासाच्या शेवटी आणि n व्या तासाच्या शेवटी किती? मुलांनी पाठ केलेलं असतं की n वं पद म्हणजे पहिलं पद गुणिले गुणोत्तराचा 'n वजा एक' वा घात. दुसरा तास म्हणून n च्या जागी दोन घालतात आणि ६० असं उत्तर लिहितात. पण ६० तर पहिल्या तासाच्या शेवटीच झाले. 'सुरुवातीला' म्हणजे एकही तास झालेला नसताना, आणि पहिलं पद तिथेच खर्ची पडलं. पहिल्या तासाच्या शेवटी दुसरं पद, दुसऱ्या तासाच्या शेवटी तिसरं. म्हणून बरोबर उत्तरं १२०, ४८० आणि ३० गुणिले दोनाचा n वा घात. यावर माझ्या मते एकच भरवशाचा उपाय आहे. सूत्राला हात लावण्याआधी वहीत दोन ओळींचा तक्ता काढायचा, वर वेळ ०, १, २, ३ आणि खाली ३०, ६०, १२०, २४०. तक्त्यात शून्याचा रकाना आहे की नाही, एवढ्यावर निम्मे गुण ठरतात.

पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट मात्र मला खटकते. हे जीवाणू कधी थांबतच नाहीत. एका कोलायचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास भरतं. वीस मिनिटांना दुप्पट या वेगाने चोवीस तासांत बहात्तर टप्पे होतात, आणि त्या एका जीवाणूची प्रजा सुमारे ४,७०० टन भरायला हवी. चव्वेचाळीस तासांत तिचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या जवळपास जातं. तसं होत नाही हे उघड आहे. मग श्रेढी खोटी का? नाही, ती थोडा काळच खरी असते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४९ साली जीवाणूंच्या वाढीवर जो लेख लिहिला, त्यात वाढीचे टप्पे स्वच्छ मांडले आहेत. ताज्या द्रवात टाकलेले जीवाणू आधी काही वेळ जुळवून घेतात, तेव्हा संख्या जवळपास हलत नाही. मग दुपटीचा काळ येतो आणि तेवढ्या काळापुरतीच आपली भूमिती श्रेढी लागू पडते. पुढे अन्न संपत येतं, जीवाणूंनीच टाकलेली द्रव्यं साचतात, आणि वाढ मंदावत थांबते.

आपण कुठल्या टप्प्यात आहोत, हे ओळखायची खूण सोपी आहे. समान अंतराने मोजणी करायची आणि लागोपाठच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं. ते १.१, १.४ असं चढत असेल तर जीवाणू अजून रुळतायत. २ च्या आसपास ठाण मांडून बसलं तर श्रेढी सुरू आहे. १.८, १.५, १.२ असं घसरू लागलं की श्रेढी संपली, आता त्या सूत्राने पुढचं भाकीत करायचं नाही. नुसते आकडे बघून हे कळत नाही, कारण आकडे तिन्ही काळांत वाढतच असतात.

हे सगळं स्वयंपाकघरात रोज रात्री घडतं. दूध कोमट करून विरजण लावलं की त्यातले जीवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करत वाढतात, दही लागतं, आणि त्याच आम्लाने शेवटी त्यांची वाढ रोखली जाते. म्हणून दही जास्त वेळ बाहेर राहिलं तर आंबट होतं, पण पातेल्याबाहेर वाढत नाही. आता थोडं गणित करू. समजा उबदार हवेत हे जीवाणू चाळीस मिनिटांत दुप्पट होतात आणि दही लागायला दहा दुपटी लागतात. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. घाई आहे म्हणून कुणी एक चमचा विरजणाऐवजी दोन चमचे लावले, तर किती वेळ वाचेल? निम्मा वाचेल असं वाटतं. प्रत्यक्षात एकच दुप्पट वाचते, चाळीस मिनिटं फक्त. चार चमचे लावले तर ऐंशी मिनिटं. उलट थंडीमुळे दुपटीचा वेळ चाळीसवरून ऐंशी मिनिटांवर गेला, तर गुणोत्तर तेच दोन राहतं, दुपटीही दहाच लागतात, पण प्रत्येक दुप्पट लांबते आणि दही लागायला तेरा तास वीस मिनिटं लागतात. डिसेंबरात विरजण वाढवत बसण्यापेक्षा पातेलं उबेला ठेवणं का परवडतं, ते या दोन आकड्यांत आहे. भूमिती श्रेढीत सुरुवातीच्या पदापेक्षा पावलाची लांबी भारी पडते.

आता चेंडूकडे वळू, कारण या प्रकारातलं सगळ्यांत सुंदर उदाहरण तेच आहे आणि सगळ्यांत जास्त चुकतंही तेच. १६ मीटर उंचीवरून चेंडू सोडला. प्रत्येक टप्प्यानंतर तो आधीच्या उंचीच्या तीन-चतुर्थांश उसळतो. स्थिर होईपर्यंत त्याने एकूण किती अंतर कापलं?

उंचीचा तक्ता आधी मांडू. सोडताना १६, पहिल्या टप्प्यानंतर १२, दुसऱ्यानंतर ९, तिसऱ्यानंतर ६.७५. इथेही शून्याचा रकाना आहे, तेव्हा पाचव्या टप्प्यानंतरची उसळी हे सहावं पद आहे, ३.८ मीटरला किंचित कमी. पण अंतर विचारलं की गोष्ट बदलते. १२ मीटर उसळलेला चेंडू १२ मीटर वर जातो आणि १२ मीटर खालीही येतो. प्रत्येक उसळी दोनदा मोजावी लागते. अपवाद एकच, सुरुवातीचे १६ मीटर. तिथे चेंडू फक्त खाली आला, वर आपण हाताने नेला होता. चौथा टप्पा पडेपर्यंतचं अंतर म्हणजे १६ अधिक १२, ९ आणि ६.७५ यांच्या बेरजेची दुप्पट. बेरीज २७.७५, दुप्पट ५५.५, एकूण ७१.५ मीटर.

स्थिर होईपर्यंतच्या अंतरासाठी अनंत पदांची बेरीज लागते. तिचं सूत्र आहे, पण सूत्राशिवायही ती सापडते, आणि ती वाट मला जास्त आवडते. चेंडू जेवढा खाली पडला तेवढंच अंतर आधी बघू. १६, मग १२, मग ९, असं पुढे. या सगळ्या पडण्यांची बेरीज आपल्याला माहीत नाही. पण पहिलं पडणं बाजूला काढलं, तर उरलेली गोष्ट म्हणजे १२ मीटरवरून सोडलेल्या चेंडूची गोष्ट. ती मूळ गोष्टीसारखीच आहे, फक्त प्रत्येक अंतर तीन-चतुर्थांश झालेलं. म्हणजे पूर्ण बेरजेतून १६ काढले की पूर्ण बेरजेचा तीन-चतुर्थांश उरतो. मग ते १६ मीटर हा एकूण बेरजेचा चौथा हिस्सा झाला, आणि बेरीज झाली ६४. चेंडू एकंदर ६४ मीटर पडला. वर चढणं म्हणजे याच यादीतलं पहिलं १६ सोडून बाकी सगळं, म्हणजे ४८ मीटर. दोन्ही मिळून ११२ मीटर.

उत्तरपत्रिकेत चुकीचं उत्तर कोणत्या चुकीने आलं, ते आकडाच सांगतो. ६४ लिहिलं असेल तर विद्यार्थी चढणं विसरला. १२८ लिहिलं असेल तर त्याने १६ ही दुप्पट केले, म्हणजे चेंडू जमिनीतून वर आला असं धरलं. बरोबर उत्तर आणि १२८ यांच्यातला फरक नेमका सुरुवातीच्या उंचीएवढा असतो. परीक्षा हॉलमध्ये उत्तर तपासायला एवढं पुरतं.

इथे एखादी चौकस मुलगी हात वर करते. टप्पे अनंत असतील तर चेंडू थांबणार कधी? शिक्षक बहुधा 'अंतर मर्यादित आहे ना' असं म्हणून पुढे जातात. पण तिचा प्रश्न अंतराचा नाही, वेळेचा आहे, आणि त्याला वेगळं उत्तर लागतं. १६ मीटर पडायला सुमारे १.८१ सेकंद लागतात. पडण्याचा वेळ उंचीच्या प्रमाणात नसतो, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौपट केली तर वेळ दुप्पट होतो. त्यामुळे उंचीचं गुणोत्तर ०.७५ असलं तरी वेळेचं गुणोत्तर ०.७५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.८६६ होतं. वेळाही भूमिती श्रेढीतच आहेत, पण त्यांची श्रेढी हळू उतरते. पहिलं पडणं एकेरी आणि पुढचं सगळं दुहेरी धरून बेरीज केली की सुमारे २५ सेकंद येतात. कुणी चुकून वेळेलाही ०.७५ लावलं तर उत्तर साडेबारा-तेरा सेकंदांच्या घरात येतं, जवळपास निम्मं.

म्हणजे या कल्पनेतल्या चेंडूचे अनंत टप्पे २५ सेकंदांत उरकतात. त्यातले बहुतेक शेवटच्या क्षणात कोंबलेले असतात. चौतिसाव्या टप्प्यानंतर उसळी एक मिलिमीटरच्या आत येते, आणि त्यानंतरचे उरलेले सगळे, म्हणजे अनंत, टप्पे सेकंदाच्या पाचव्या भागात संपतात. खऱ्या चेंडूचं याच्याही आधी काही तरी वेगळं होतं. जमिनीला टेकला की चेंडू थोडा दबतो. उसळी त्या दबण्याइतकी लहान झाली की जमीन सोडून वर जाणंच बंद होतं, तो जागच्या जागी किंचित थरथरतो आणि थांबतो. तेव्हा मुलीला उत्तर द्यायचं ते असं: गणितातले टप्पे अनंत असूनही वेळ संपते, आणि खऱ्या चेंडूचे टप्पे अनंत नसतातच.

ठरावीक गुणोत्तर हे गृहीतकही तपासून घेऊ. ते हवेतून आलेलं नाही. चेंडू जमिनीवर आपटला की त्याच्या ऊर्जेतला काही हिस्सा उष्णता आणि आवाज होऊन जातो. उसळीची उंची उरलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असते. दर वेळी एक-चतुर्थांश ऊर्जा गेली तर उंची तीन-चतुर्थांश उरणार. खेळांच्या नियमांतही हे गुणोत्तर वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. टेबल टेनिसचं टेबल असं हवं की प्रमाणित चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडला तर सुमारे २३ सेंटिमीटर उसळावा. म्हणजे गुणोत्तर ०.७७. टेनिसच्या चेंडूची चाचणी २५४ सेंटिमीटरवरून, काँक्रिटसारख्या कठीण पृष्ठभागावर होते, आणि मान्यताप्राप्त चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो, म्हणजे गुणोत्तर ०.५३ ते ०.५८. दोन्ही नियमांत किती उंचीवरून सोडायचा हे आवर्जून सांगितलेलं आहे. कारण गुणोत्तर सगळ्या उंचींना एकच नसतं. आदळण्याचा वेग वाढला की चेंडू जास्त दबतो आणि बहुधा ऊर्जाही जास्त प्रमाणात गमावतो.

वर हवा आहेच. आपल्या उदाहरणातला १६ मीटरवरचा चेंडू टेबल टेनिसचा आहे असं समजा. हवा नसती तर तो ताशी ६४ किलोमीटर वेगाने जमिनीवर आला असता. पण २.७ ग्रॅम वजनाच्या आणि ४० मिलिमीटर व्यासाच्या त्या पोकळ चेंडूला हवा ताशी तीसेक किलोमीटरच्या वर जाऊच देत नाही. एवढा वेग तर निर्वात जागेत चार मीटरपेक्षाही कमी उंचीवरून पडल्यावर येतो. त्यामुळे पहिली उसळी बारा मीटरची होणं शक्य नाही, ती तीन मीटरच्या आतच राहील. सोळा मीटर आणि तीन-चतुर्थांश ही जोडी आकडेमोड सोपी व्हावी म्हणून जुळवलेली आहे, आणि त्यात गैर काही नाही, फक्त उदाहरण लिहिणाऱ्यांनी उंची सोळा मीटरऐवजी सोळा डेसिमीटर घेतली असती तर गणित तेवढंच सोपं राहून गोष्ट खरी झाली असती.

म्हणून आपण नियमातला चेंडू घेऊन सगळं पुन्हा एकदा मांडू. उंची ३० सेंटिमीटर, उसळी २३. पहिलं पडणं बाजूला काढलं की उरतो तो एकूण पडण्याचा तिसातला तेविसावा हिस्सा, म्हणजे ३० सेंटिमीटर हा तिसातला सातवा हिस्सा. एकूण पडणं ९०० भागिले ७, सुमारे १२८.६ सेंटिमीटर. त्याच्या दुपटीतून सुरुवातीचे ३० वजा केले की एकूण प्रवास २२७ सेंटिमीटर. वीतभर उंचीवरून सोडलेला चेंडू थांबेपर्यंत सव्वादोन मीटर धावतो. वेळेचं गुणोत्तर ०.७७ चं वर्गमूळ, म्हणजे ०.८८, आणि एकूण वेळ पावणेचार सेकंदांच्या आसपास.

हा हिशेब पट्टीने पडताळणं अवघड आहे, कारण उसळीचा माथा डोळ्याला नीट टिपता येत नाही. कानाने मात्र सहज जमतं. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा, मुद्रणाच्या आलेखात प्रत्येक टप्प्याचं टोक उभं दिसतं, आणि दोन टोकांमधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येतो. दोन टप्प्यांमधल्या वेळेचा वर्ग करून १.२३ ने गुणलं की मधल्या उसळीची उंची मीटरमध्ये मिळते. ०.४३ सेकंदाचं अंतर आलं तर उसळी पावणेतेवीस सेंटिमीटर. टेबलावर नियमातल्या चेंडूची अंतरं साधारण ०.४३, ०.३८, ०.३३, ०.२९ अशी उतरत जायला हवीत.

लागोपाठच्या अंतरांचं गुणोत्तर काढताना एक पथ्य पाळा. चेंडू फिरकी न देता सोडा, नाही तर तो तिरका जातो आणि हिशेब बिघडतो. शेवटच्या दोन-चार टप्प्यांचे आकडे सोडून द्या, ते इतके जवळ येतात की वाचनातली चूकच मोठी ठरते. मधल्या टप्प्यांचं गुणोत्तर ०.८८ च्या आसपास स्थिर राहिलं तर चेंडू आणि टेबल दोन्ही ठीक. एकाच टेबलावर एखाद्या चेंडूचं गुणोत्तर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी आलं आणि आवाजही बद्द येत असेल, तर तो उजेडासमोर धरून पाहा. बहुतेक वेळा त्याला बारीक तडा गेलेला असतो.